पाचशे टनांचं स्वप्न आणि नोव्हेंबर महिना

प्रश्न: सोलापूर जिल्ह्यात शेतकऱ्यांसाठी छोटं कोल्ड स्टोरेज टाकायचं आहे. बँकेला द्यायच्या बिझनेस प्लॅनचा सारांश कसा लिहू? नमुना असेल तर द्या.

नमुना देणार नाही. माझा पहिला अर्ज नमुन्यानेच बुडवला. सीएकडे आधीच्या कुणाची तरी फाइल होती, तिच्यात नाव बदललं, गाव बदललं आणि दोन पानी सारांश तयार झाला. देशात किती फळं वाया जातात इथून सुरुवात होती. बँकेच्या साहेबांनी तो परिच्छेद वाचलासुद्धा नाही.

मी पंढरपूर तालुक्यातला, कासेगावच्या बाजूचा. आमच्याकडे द्राक्षाचा बेदाणा होतो आणि माल ठेवायला तासगाव-सांगलीला जातो. बेदाणा बाहेर राहिला तर काळवंडतो, रंग गेला की भाव गेला. म्हणून तो चार-पाच डिग्रीला ठेवायचा. हे इथं सगळ्यांना माहीत आहे, आणि म्हणूनच दाजी म्हणाले, "गावातच स्टोरेज टाकू. टाकायचं तर पाचशे टनांचं. बँक मोठ्यालाच विचारते."

तर पाचशे टन. जागा आमची होती, ती सोडून खर्च ८० लाख, त्यातले २० आमचे आणि ६० बँकेचे. भाडं टनाला महिन्याला ६०० रुपये, म्हणजे पंधरा किलोच्या बॉक्सला नऊ रुपये. खोल्या बारा महिने भरलेल्या असत्या तर वर्षाला ३६ लाख. सीएने ८५ टक्के भरणा धरला, ३०.६ लाख आले. खर्च ६ लाख दाखवला. पहिल्या पूर्ण वर्षाचा हप्ता-व्याज धरून १६ लाख. म्हणजे डीएससीआर, खर्च जाऊन उरलेला पैसा वर्षाच्या हप्ता-व्याजाच्या किती पट आहे तो आकडा, दीडच्या वर. कागदावर एकदम झकास.

साहेबांनी एकच विचारलं, "नोव्हेंबरात तुमच्या खोल्यांत काय असतं?"

मी दाजींकडे बघितलं. दाजी पंख्याकडे.

परत आलो आणि वही घेऊन शेडवाल्यांच्या दारोदार फिरलो. एक्केचाळीस घरं. "माल ठेवाल का" असं विचारलं की सगळे हो म्हणतात, त्याला काही अर्थ नाही. मी मागच्या दोन वर्षांच्या भाड्याच्या पावत्या मागितल्या. तासगावच्या पावतीवर माल आत कधी गेला आणि बाहेर कधी निघाला, दोन्ही तारखा असतात. त्यातून आमच्या भागाचा खरा नकाशा निघाला: मार्चमध्ये १५० टन, एप्रिलला ४००, मे-जूनला ४७५, मग सौदे होतील तसा माल उतरत जातो. जुलैत ४२५, ऑगस्टला ३५०, सप्टेंबरला २७५, ऑक्टोबरला १७५. दिवाळीच्या खपाचा माल निघाला की नोव्हेंबरला ७५, डिसेंबरला ५०, आणि जानेवारी-फेब्रुवारीत जेमतेम २५.

म्हणजे वर्षाचा सरासरी भरणा ४८ टक्के. भाडं १७.४ लाख. वर खर्चही खोटा होता. सोलापूरचा मे महिना काय असतो ते सांगायला नको, आणि गरम माल नेमका तेव्हाच आत येतो. मशीन त्या उष्णतेवर ठरतं, नुसत्या टनांवर नाही. शिवाय विजेच्या मंजूर भाराचा स्थिर आकार खोली रिकामी असली तरी भरावाच लागतो. लाइट, पगार, विमा, दुरुस्ती मिळून ९.५ लाख. उरले ७.९, आणि फेडायचे १६. पहिल्याच वर्षी निम्मा हप्ता थकला असता.

इथं दाजींचं आणि माझं वाजलं. ते म्हणे, सारांशात "बहुउद्देशीय" लिहा, हिवाळ्यात डाळिंब ठेवू. बरोबर आहे, मृगाचं डाळिंब तेव्हाच येतं. पण डाळिंबाला ९० टक्क्यांच्या वर ओलावा लागतो, नाहीतर साल सुकते. बेदाण्याला तोच ओलावा मारक, माल चिकटतो, बुरशी धरतो. एका खोलीत दोन्ही ठेवणाऱ्याने कुठलाच धंदा केलेला नाही असं मी तेव्हा म्हणालो. आवाज जरा चढला होता, पण मत आजही तेच आहे.

शेवटी मी ३०० टन केलं, दीडशेच्या दोन वेगळ्या खोल्या. आता हे बघा. वरच्या नकाशात एप्रिल ते ऑगस्ट माल ३०० च्या वरच आहे, म्हणजे माझं स्टोरेज पाच महिने गच्च. बाकीचे महिने तसेच. भाडं १३.६५ लाख. क्षमता ४० टक्क्यांनी कमी केली, बेदाण्याचं भाडं फक्त २२ टक्क्यांनी कमी झालं! नोव्हेंबरात उरलेला बेदाणा एका खोलीत मावतो. दुसरी धुऊन डिसेंबर ते फेब्रुवारी डाळिंबाला दिली, सहा-सात डिग्रीवर, ८० टन, टनाला महिन्याला १,००० रुपये. ते २.४ लाख. मार्चच्या आत खोली पूर्ण कोरडी करायची, ही अट मी सारांशातच लिहिली.

एकूण १६.०५ लाख, खर्च ६.२, उरले ९.८५. प्रकल्प ५२ लाखांचा, आमचे २० तेवढेच ठेवले, कर्ज ३२. पहिलं वर्ष फक्त व्याज आणि पुढे सात वर्षं मुद्दल. फेडीच्या पहिल्या वर्षी मुद्दल-व्याज ७.८ लाख. डीएससीआर १.२६. दीडपेक्षा कमी, पण साहेबांनी या वेळी फाइल पुढे पाठवली. व्याज उतरत जातं तसा तो पुढे वाढतोच.

तेव्हा तुमच्या सारांशात महिन्यानुसार टनांचा हा तक्ता पहिल्या पानावर येऊ द्या. दुसरी ओळ हप्त्याची. बेदाण्याचं भाडं माल उचलताना मिळतं, म्हणजे लाइट बिल मे-जूनला आणि पैसा ऑगस्ट ते ऑक्टोबरला. दरमहा हप्ता मान्य केलात तर धंदा नफ्यात असूनही जूनमध्ये थकबाकीदार व्हाल. मोठा हप्ता नोव्हेंबरात मागा, आणि मधल्या महिन्यांसाठी छोटी सीसी मर्यादा, म्हणजे लागेल तसं उचलायचं आणि भरायचं खेळतं भांडवल. मी हे पहिल्या अर्जात विसरलो होतो, सीएलाही सुचलं नव्हतं.

सबसिडी उत्पन्नात धरू नका, स्वतःच्या हिश्श्यात तर अजिबात नको. ती कर्जखात्यालगत राखीव पडून राहते आणि शेवटी कर्जात वळती होते. २०२० पासूनच्या कृषी पायाभूत सुविधा निधीतून २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत सात वर्षं मिळते. तिच्यासाठी अर्ज जरूर करा, पण तिच्याशिवाय आकडे बसले पाहिजेत. मी ती धरलीच नव्हती.

हे सगळं बेदाण्याच्या गावचं झालं. तुम्ही कुठल्या तालुक्यातले ते लिहिलं नाही. करमाळ्याकडे केळी असतील तर साठवण नाही, पिकवणीच्या खोल्यांचा धंदा आहे, त्याचा हिशोब दिवसांत होतो, महिन्यांत नाही. आणि कांद्यासाठी म्हणत असाल तर आधी चाळ बांधा. थंडीतून काढलेल्या कांद्याला बाहेर आल्यावर भराभर कोंब फुटतात.

दाजी अजून प्रत्येक लग्नात सांगतात की पाचशे केलं असतं तर मे महिन्यात गाड्या परत पाठवाव्या लागल्या नसत्या. गाड्या परत जातात हे खरं आहे. नोव्हेंबरात ते कधी आलेले नाहीत.