जो विकत घेणं सोडतो, त्याचा हिशेब

प्रश्न: कर लावला की 'डेडवेट लॉस' होतो म्हणतात. पण ग्राहकाच्या खिशातला पैसा सरकारकडेच गेला ना, मग वाया काय गेलं? आणि मागणी अलवचीक असलेल्या वस्तूवर कर लावला तर नुकसान कमी, हे तर मला उलटंच वाटतं. तिथे ग्राहक बिचारा जास्त कर भरतो!

उत्तर:

तुमचं निरीक्षण बरोबर आहे, तिथे ग्राहक खरंच जास्त कर भरतो. पण भरलेला कर हे डेडवेट लॉसचं माप नाही. एकाच्या खिशातून गेलेला पैसा दुसऱ्या कुणाच्या तरी हाती पडतो. डेडवेट लॉस शोधायचा तर ज्याने कर भरलाच नाही, अशा माणसाकडे बघायला हवं.

इंग्लंडमध्ये 1696 पासून 1851 पर्यंत घराच्या खिडक्यांवर कर होता. 1747 च्या दरपत्रकानुसार नऊपर्यंत खिडक्या असतील तर खिडकीमागे काहीच द्यावं लागत नसे. दहावी खिडकी आली की मात्र दर खिडकीला 6 पेन्स, आणि तेही फक्त दहाव्या खिडकीवर नाही, दहाच्या दहा खिडक्यांवर. म्हणजे त्या एका खिडकीपायी वर्षाला 60 पेन्स. आता समजा एखाद्या घरमालकाला त्या खिडकीतून येणारा उजेड आणि वारा वर्षाला 40 पेन्स मोलाचा वाटत होता. तो विटा आणून खिडकी बुजवून टाकणार. सरकारला त्या खिडकीचे शून्य पेन्स मिळाले, आणि मालकाचा 40 पेन्सचा उजेड गेला. तो कुणाच्याच पदरात पडला नाही. डेडवेट लॉस म्हणतात तो हा. विटांनी बुजवलेल्या खिडक्या तिथल्या काही जुन्या घरांना आजही दिसतात.

आता हेच आकड्यांत मांडू. चलन कुठलंही धरा, हिशेब बदलत नाही. दोन वस्तू घेऊ. दोन्ही बनवायला नगामागे 100 खर्च येतो, त्या 100 लाच विकल्या जातात आणि दोन्हींचे 1,000 नग खपतात. पहिलीची मागणी ताठर, म्हणजेच अलवचीक आहे, लवचिकता 0.2. म्हणजे किंमत 1 टक्का वाढली तर खप 0.2 टक्के घटतो. दुसरीची लवचीक, 1.5. मागणीची रेषा सरळ आहे असंही धरू. दोन्हींवर नगामागे 20 कर लावला आणि किंमत 120 झाली, म्हणजे 20 टक्के वाढली. पहिल्या वस्तूचा खप 4 टक्के घटून 960 वर येईल, दुसरीचा 30 टक्के घटून 700 वर.

घटलेले नग कुणाचे, ते बघा. ज्याला त्या नगाचं मोल 150 वाटत होतं तो 120 ला सुद्धा घेईल. सोडून जाणारे सगळे 100 आणि 120 च्या मधले. ज्याला मोल 119 वाटत होतं त्याला आधी 19 चा फायदा व्हायचा, तो बुडाला. ज्याला 101 वाटत होतं त्याचा 1 बुडाला. मागणी सरळ रेषेत असल्यामुळे हे लोक 100 ते 120 मध्ये सारखे पसरलेले असतात, म्हणून दर नगामागे सरासरी 10 बुडतात. पुस्तकात आकृतीतला जो त्रिकोण रंगवलेला असतो तो हाच. अर्थतज्ज्ञ अर्नोल्ड हार्बर्गर यांनी अशा त्रिकोणांची प्रत्यक्ष मोजणी केली, म्हणून त्याला त्यांचं नाव आहे.

पहिल्या वस्तूत 40 नग गेले, गुणिले 10, म्हणजे नुकसान 400. सरकारला मिळाले 960 गुणिले 20, म्हणजे 19,200. दुसऱ्या वस्तूत 300 नग गेले, म्हणजे नुकसान 3,000, आणि सरकारला मिळाले फक्त 14,000. कराचा दर तोच, वस्तूची किंमत तीच. तरीही पहिलीकडे दर 100 महसुलामागे साधारण 2 वाया गेले आणि दुसरीकडे 21 च्या वर. फरक फक्त एवढाच की किती जण वाट सोडून गेले.

अलवचीक मागणीचं गुपित इथेच आहे. कर दोन गोष्टी करतो. तो पैसा हलवतो आणि तो वागणूक बदलतो. पैसा हलण्यात समाजाची एकूण गंगाजळी घटत नाही. वागणूक बदलण्यात घटते, कारण ज्या देवाणघेवाणीत दोन्ही बाजूंचा फायदा होता ती घडतच नाही. मागणी जितकी ताठर, तितकी वागणूक कमी बदलते. तुम्ही ज्याला 'बिचारा जास्त भरतो' म्हणालात, त्याच्या जास्त भरण्यामुळेच वाया कमी जातं.

आता कर दुप्पट करून बघा, कारण मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नगामागे 40 लावले तर सोडून जाणारे दुप्पट होतात आणि दर माणशी बुडणारा फायदाही सरासरी 10 वरून 20 होतो. दुप्पट गुणिले दुप्पट, म्हणजे नुकसान चौपट. ज्यूल द्युपी या फ्रेंच अभियंत्याने 1844 मध्येच लिहून ठेवलं होतं की हे नुकसान कराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. पहिल्या वस्तूत नुकसान 400 वरून 1,600 होतं, पण महसूल 19,200 वरून 36,800 वर जातो. दुसरीत 400 च नग उरतात. महसूल 14,000 वरून जेमतेम 16,000 होतो, आणि नुकसान 3,000 वरून 12,000. म्हणजे वरचे 2,000 मिळवण्यासाठी 9,000 पाण्यात. खरं तर त्या वस्तूवर 33 च्या आसपास कर असतानाच महसूल शिखरावर पोचलेला असतो. 40 पर्यंत जाताना सरकार महसूलही घालवतं आणि नुकसानही वाढवतं.

मग लवचीक वस्तूवर कर लावूच नये का? तसं नाही, आणि इथे बरेच विद्यार्थी घसरतात. नुकसान वर्गाने वाढतं, त्यामुळे पहिला छोटासा कर कुठेही जवळपास फुकटच असतो. सगळं ओझं एकाच वस्तूवर टाकण्यापेक्षा ते वाटून टाकणं बरं, फक्त सारखं वाटायचं नाही. ब्रिटिश गणितज्ञ फ्रँक रॅमसे यांनी 1927 मध्ये याचं उत्तर काढलं. एका वस्तूच्या किमतीचा दुसरीच्या मागणीवर परिणाम होत नसेल, तर ते उत्तर सोपं आहे: कराचे दर लवचिकतेच्या व्यस्त प्रमाणात ठेवा. आपल्या उदाहरणात 1.5 भागिले 0.2, म्हणजे पहिलीवरचा कर दुसरीच्या साडेसातपट. दोन्हींवर 20-20 लावून एकूण 33,200 मिळत होते आणि 3,400 वाया जात होते. पहिलीवर साधारण 31.25 आणि दुसरीवर 4.17 लावले, तर महसूल जवळपास तोच येतो आणि नुकसान 1,100 च्या आसपास राहतं. या वाटणीत दोन्ही वस्तूंचा खप सारख्याच प्रमाणात, सव्वासहा टक्क्यांनी घटतो, आणि तीच या नियमाची खूण आहे.

आता हा हिशेब कुठे फसतो तेही सांगायला हवं, नाहीतर हे उत्तर अर्धवट राहील.

लवचिकता ही वस्तूच्या अंगावर कोरलेली नसते. कर ज्या चौकटीवर लावता तिच्यावर ती ठरते. मीठ ही वस्तू घेतली तर मागणी ताठर. एकाच कंपनीच्या मिठावर कर लावला तर लोक लगेच शेजारचं पाकीट उचलतील. काळही महत्त्वाचा. इंधनावर कर वाढला की पहिल्या महिन्यात माणसं तितकंच इंधन जाळतात, कारण गाडी तीच आणि कामाची जागाही तीच. काही वर्षांनी गाडी बदलताना मात्र ते कमी इंधन खाणारी गाडी घेतात. सुरुवातीच्या महिन्यांचा खप बघून 'मागणी हललीच नाही' असा निष्कर्ष काढला, तर नुकसान कमी मोजलं जातं.

दुसरी फसगत जास्त सूक्ष्म आहे. खप बदलला नाही म्हणजे नुकसान शून्य, असं नेहमीच नसतं. मजुरीवरच्या कराचं उदाहरण घ्या. हातात कमी पैसे येतात म्हणून माणूस जास्त तास काम करू बघतो. तासाला कमी मिळतं म्हणून त्याला आराम स्वस्त वाटतो आणि कमी काम करावंसं वाटतं. दोन्ही ओढी सारख्या असतील तर तास बदलतच नाहीत आणि वरवर सगळं शांत दिसतं. पण तेवढीच रक्कम सरकारने त्याच्याकडून ठोक घेतली असती, कितीही काम केलं तरी तेवढीच, तर फक्त पहिली ओढ उरली असती आणि त्याने जास्त काम केलं असतं. न झालेल्या त्या कामात नुकसान लपलेलं आहे. म्हणून काटेकोर मोजणीत उत्पन्नाचा परिणाम वगळून, फक्त किमतीमुळे होणारा बदल धरतात. वरच्या माझ्या हिशेबात मी तो फरक सोडून दिला आहे. घरखर्चाचा छोटा भाग असलेल्या वस्तूंना ते चालतं, मजुरीला चालत नाही.

आणि तुमच्या 'बिचारा'कडे परत येतो, कारण तो शब्द मला खोडायचा नाही. ज्यांची मागणी सगळ्यात ताठर, त्या बहुधा जगायला लागणाऱ्या वस्तू असतात. इन्सुलिनवर कर लावला तर ते घेणं कुणी सोडणार नाही, डेडवेट लॉस जवळजवळ शून्य येईल, आणि रॅमसेंच्या सूत्राला तो कर उत्तम वाटेल. कारण ते सूत्र फक्त किती वाया गेलं ते मोजतं. कुणाकडून घेतलं, हे त्याला दिसत नाही, आणि सूत्र मांडताना सगळ्यांचा पैसा सारख्या मोलाचा धरलेला असतो. गरीब घराच्या 20 ला श्रीमंत घराच्या 20 पेक्षा जास्त वजन दिलं, की ताठर मागणीच्या गरजेच्या वस्तूंवरचा योग्य दर लगेच खाली येतो. किती वजन द्यायचं, ते मात्र मागणीच्या आलेखावरून काढता येत नाही.