रियाजाच्या बदल्यात मोबाईल दिला आणि पोराचा तबला मागे पडला

प्रश्न: माझा मुलगा १० वर्षांचा आहे. आधी शाळेतून आला की स्वतःहून तबल्यावर बसायचा. सहा महिन्यांपूर्वी आम्ही ठरवलं की रोज ३० मिनिटं रियाज केला की अर्धा तास मोबाईलवर गेम. आता बरोबर ३० मिनिटं झाली की उठतो, आणि मोबाईल नसेल तर बसतच नाही. काय करावं?

उत्तर: मी नागपुरात गेली बरीच वर्षं लहान मुलांना तबला शिकवतो आणि हीच चूक मी स्वतः माझ्या क्लासमध्ये केलेली आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आधी हे लक्षात घ्या की तुमचा मुलगा आळशी झालेला नाही. १९७३ साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी बालवाडीतल्या ३ ते ५ वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला. मुलं निवडली ती मुद्दाम अशी की ज्यांना रंगीत पेनांनी चित्रं काढायला मुळातच आवडायचं. काही मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर सोनेरी चांदणी आणि रिबीन लावलेलं सर्टिफिकेट मिळेल, काहींना तेच सर्टिफिकेट काही न सांगता नंतर दिलं आणि काहींना काहीच दिलं नाही. मग एक-दोन आठवड्यांनी वर्गात तीच पेनं नुसती ठेवून दिली आणि कोण किती वेळ खेळतं ते लपून पाहिलं. तर ज्यांना आधी कबूल करून बक्षीस दिलं होतं ती मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती. आणि अचानक बक्षीस मिळालेल्यांचं काहीच बिघडलं नव्हतं! म्हणजे घोळ बक्षिसात नसून 'हे केलं तर ते मिळेल' या सौद्यात आहे. पोराच्या मनात हिशोब असा बसतो की ज्याच्यासाठी मोबदला द्यावा लागतो ते काम असतं, आणि मोबदला म्हणून जे मिळतं ती मजा असते. तुमच्या घरी तबला काम झाला आणि गेम मजा झाली.

माझ्या क्लासमध्ये मी भिंतीवर एक तक्ता लावला होता, एक कायदा, म्हणजे ठराविक बोलांची बांधलेली रचना, पाठ झाला की एक तारा आणि १० तारे झाले की कंपास बॉक्स. पहिला महिना मला वाटलं की वा, काय मस्त चाललंय. मग लक्षात आलं की पोट्टे सगळ्यात सोपा कायदा कोणता तेच विचारतात, 'सर, हा धरता का ताऱ्यात?' असं. एक मुलगी होती, ती आधी चहा पिताना सुद्धा टेबलावर बोटं वाजवत बसायची, तिचं ते टेबल वाजवणं बंद झालं. मला खरी खूण तिथे पटली, तक्त्यावर तर तिचे तारे सगळ्यात जास्त होते. तक्ता काढून टाकला.

तुम्हीही घरी हेच बघा. एक आठवडा तबला-डग्गा कापड न झाकता हॉलमध्ये ठेवा, कोणी काही बोलायचं नाही, आणि तो जाता-येता हात मारतो का, जेवताना ताटाच्या कडेवर बोटं चालतात का, तेवढंच पाहा. मिनिटं मोजू नका, मिनिटं तो तुमच्यासाठी भरतो.

आता उपाय. मोबाईल एकदम काढून घेऊ नका, त्याला ती शिक्षा वाटेल आणि राग तबल्यावर निघेल. फक्त गाठ सोडा. त्याला सरळ सांगा की संध्याकाळी ७ ते साडेसात मोबाईल तुझा, रियाज केला तरी आणि नाही केला तरी. पहिले दोन-तीन आठवडे तो तबल्याकडे बहुतेक फिरकणारच नाही आणि तुमचा जीव कासावीस होईल, पण तेव्हा परत सौदा केला तर सगळं पहिल्यापासून.

त्याच काळात ध्येय बदला. 'रोज ३० मिनिटं' हे ध्येय म्हणून फार वाईट, कारण त्यात घड्याळाशिवाय कुठेच पोचायचं नसतं. त्याच्याजागी असं काहीतरी द्या जे त्याचं स्वतःचं असेल आणि जमलं की नाही ते त्यालाच कानाने कळेल. मी काय करतो ते सांगतो. तुमच्या मुलाला दिल्लीचा तो पहिला कायदा येतच असेल, धाधा तिट धाधा तूना, ताता तिट धाधा धीना. मी म्हणतो की यातलेच बोल घ्यायचे, बाहेरचा एकही नाही, भरीच्या, म्हणजे पहिल्या अर्ध्या भागाच्या, १६ मात्रा तूना वर संपल्या पाहिजेत, बाकी तुझी मर्जी, आणि तुझा स्वतःचा एक पलटा, म्हणजे याच बोलांची वेगळी मांडणी, बनवून आण. टेबल वाजवणाऱ्या त्या मुलीने आठवडाभराने आणला:

तिट तिट धाधा तिट, धाधा तिट धाधा तूना
तिट तिट ताता तिट, धाधा तिट धाधा धीना

मोजून बघा, बरोबर बसतो. हा पलटा नवा नसेलही, कोणीतरी कधीतरी वाजवला असेलच, पण तिच्यासाठी तो तिचा होता आणि तो सफाईने निघावा म्हणून तिने 'तिट' किती वेळा घासलं असेल, मी सांगून कधीच घासलं नसतं. पुढची पायरी तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं. 'तिटकत गदिगन धा' ह्या ३ मात्रा, तीनदा म्हटलं की ९, मग शेवटचा धा समेवर यायला सुरुवात कितव्या मात्रेपासून? १६ मात्रांच्या तीनतालात नवव्यापासून. हे आयतं सांगू नका, त्याला बोटांवर मोजू द्या. सम चुकली की त्यालाच कळतं, आणि बरोबर आली की चेहरा बघण्यासारखा असतो.

तिसरी गोष्ट सोबत. एकट्याने बंद खोलीत कूलरच्या आवाजात वाजवायला कोणालाही कंटाळा येतो बाप्पा. घरात कोणी पेटीवर लेहरा, म्हणजे तालाला धरून तीच ती धून, धरू शकत असेल तर उत्तम, नाहीतर बहीण हाताने टाळी-खाली धरेल, तेही चालतं.

कौतुक जरूर करा, पण नेमकं. 'आज तुझा ट स्वच्छ वाजला' हे त्याला काहीतरी सांगतं. 'शाब्बास, असंच रोज केलं पाहिजे' यात परत हुकूम आहे आणि पोरांना तो बरोबर ऐकू येतो. कधी समेवर छान आला म्हणून न सांगता तर्री पोहे खायला नेलं तर खुशाल न्या, पुढच्या वेळेसाठी कबूल मात्र करू नका.

एक मर्यादा सांगतो. तिरकिटसारख्या बोलांचा हात बसवायला तेच ते शेकडो वेळा करावं लागतं आणि ते खरंच कंटाळवाणं असतं. जिथे मुळात गोडीच नाही तिथे छोट्या आमिषाने फारसं काही बिघडत नाही, कारण मारायला काही नसतंच. त्या भागापुरतं १० मिनिटं बसण्यासाठी काही ठरवलं तर ठीक, फक्त पलटे, तिहाई, लेहऱ्यासोबत वाजवणं यांना त्यातलं काही चिकटू देऊ नका. बरं, ते १० मिनिटं कशासाठी हेही त्याला सांगा, की तिरकिट मोकळं झालं तर तुझाच पलटा दुगुनीत निघेल.

आणि तबल्याची परीक्षा जवळ आली असेल तर यंदा सोडून द्या. फॉर्म भरून झाला असेल तर त्यालाच विचारा बसायचं का, आणि तो नाही म्हणाला तर फीचे पैसे गेले असं समजा.