कॅम्पस मुलाखतीतील व्हर्च्युअलायझेशन आणि क्लाउड: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: हायपरव्हायझरचे दोन प्रकार मला पाठ होते, पण केव्हीएम कोणत्या प्रकारात येते, असे विचारल्यावर मी गप्प राहिले. काय सांगायला हवे होते?

व्याख्या पाठ आहे की समजली आहे, हे पाहण्यासाठीच केव्हीएमचे नाव काढले जाते. उत्तर असे देता येईल: “टाइप 1 हायपरव्हायझर थेट हार्डवेअरवर चालतो, जसे ईएसएक्सआय किंवा झेन. टाइप 2, उदाहरणार्थ व्हर्च्युअलबॉक्स, आधीपासून असलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर इतर प्रोग्रामसारखा चालतो. केव्हीएम हे लिनक्स कर्नलचे मॉड्यूल असून ते लोड झाल्यावर कर्नलच हायपरव्हायझरचे काम करू लागतो, म्हणून मी त्याला टाइप 1 म्हणेन. मात्र त्याच लिनक्सवर इतर प्रोग्रामही चालू शकत असल्याने काही जण त्याला टाइप 2 मानतात.” येथे निवडीपेक्षा कारणाला महत्त्व आहे.

यानंतर बहुधा प्रोसेसरच्या साहाय्याविषयी विचारले जाते. गेस्ट कर्नलने विशेषाधिकाराची एखादी सूचना चालवू पाहिली, तर इंटेलच्या व्हीटी-एक्स किंवा एएमडीच्या एएमडी-व्ही या सोयीमुळे नियंत्रण हायपरव्हायझरकडे जाते, एवढे सांगितले तरी पुरे. लिनक्स लॅपटॉपवर ही सोय आहे का, हे असे तपासता येते:

```
grep -Ec '(vmx|svm)' /proc/cpuinfo
```

उत्तर 0 आले, तर प्रोसेसरमध्ये ती सोय नाही किंवा बायोसमध्ये ती बंद ठेवलेली आहे.

प्रश्न: “कंटेनर म्हणजे हलके व्हर्च्युअल मशिन” असे मी सांगितले आणि मुलाखतकार नाराज दिसले. यात चूक काय?

हलकेपणा हा परिणाम आहे; फरक कर्नलमध्ये आहे. प्रत्येक व्हर्च्युअल मशिन स्वतःचा कर्नल बूट करते, तर एका होस्टवरील सर्व लिनक्स कंटेनर होस्टचाच कर्नल वापरतात. कंटेनर ही मुळात त्या कर्नलवर चालणारी प्रक्रियाच असते. तिला काय दिसावे, हे नेमस्पेस ठरवतात आणि तिने किती मेमरी व प्रोसेसर वापरावा, हे सीग्रुप ठरवतात. पुरावा म्हणून पुढील आज्ञा होस्टवर आणि कंटेनरमध्ये चालवून पाहा. दोन्हीकडे एकच आवृत्ती दिसेल.

```
uname -r
docker run --rm alpine uname -r
```

विंडोजच्या लॅपटॉपवर हा प्रयोग केलात, तर तेथे डॉकर डेस्कटॉप लिनक्स कंटेनर एका लहान लिनक्स व्हर्च्युअल मशिनमध्ये चालवतो आणि त्याच मशिनच्या कर्नलची आवृत्ती दिसते, हे लक्षात असू द्या. कर्नल सामाईक असल्याने त्यातील एखाद्या दोषामुळे सर्वच कंटेनरना धोका संभवतो, ही मर्यादा मुलाखतकाराने विचारण्याआधी आपणच सांगावी.

प्रश्न: आयएएएस, पीएएएस आणि एसएएएस यांतला फरक थोडक्यात कसा सांगावा?

जबाबदारीच्या वाटणीने सांगावा. पहिल्यात ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट आपण करतो, दुसऱ्यात आपण केवळ आपला कोड आणि डेटा सांभाळतो, तर तिसऱ्यात तयार सॉफ्टवेअर वापरतो. प्रत्येकी एक उदाहरण पुरते: ईसी2, हेरोकू, जीमेल.

प्रश्न: “निकालाच्या दिवशी संकेतस्थळ कोसळते, क्लाउडवर काय कराल?” या प्रश्नाला “ऑटो स्केलिंग” एवढेच उत्तर सुचले. पुढे काय बोलावे?

आकडे मांडावेत. समजा, लोड बॅलन्सरमागे दोन मशिन आहेत, दोन्हींवर प्रोसेसरचा वापर 80 टक्के आहे आणि आपण सरासरी 50 टक्क्यांचे लक्ष्य ठरवले आहे. एकूण भार 160, त्याला 50 ने भागले की 3.2, म्हणजे चार मशिन लागतील आणि प्रत्येकावर सुमारे 40 टक्के भार येईल. ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमध्ये तीन अव्हेलेबिलिटी झोन आहेत. ही मशिने निरनिराळ्या झोनमध्ये ठेवली, तर एक झोन बंद पडला तरी सेवा पूर्ण थांबत नाही.

खरी परीक्षा यापुढे असते. नवे मशिन सुरू होऊन ॲप्लिकेशन तयार व्हायला काही मिनिटे लागू शकतात आणि निकालाची गर्दी मात्र ठरलेल्या वेळी एकदम येते. त्यामुळे निकाल दुपारी एकला असेल, तर मशिनची संख्या वेळापत्रकानुसार आधीच वाढवून ठेवावी लागते. दुसरी अडचण लॉगिनची. सेशनची माहिती एकाच मशिनवर साठवलेली असेल, तर पुढची विनंती दुसऱ्या मशिनकडे जाताच विद्यार्थी पुन्हा लॉगिनच्या पानावर येतो. म्हणून ती माहिती रेडिससारख्या सामाईक साठ्यात ठेवावी. तिसरा मुद्दा डेटाबेसचा: वेब मशिने वाढली की त्याच्याकडे येणारी कनेक्शनही वाढतात, आणि तो एकच असेल तर अडथळा फक्त तेथे सरकतो. निकाल प्रसिद्ध झाल्यावर सहसा बदलत नसल्याने तो कॅशमधून द्यावा. अशा संकेतस्थळासाठी मी हा उपाय मशिने वाढवण्याच्याही आधी सांगेन.