पंधरा तारखेला सगळ्या कॅम्पेनना सरसकट कात्री लावू नका

प्रश्न: आज 15 तारीख. महिन्याचं निम्म्याहून जास्त बजेट संपलंय आणि हाच वेग राहिला तर ओव्हरस्पेंड होणार. सगळ्या कॅम्पेनचं डेली बजेट सारख्याच टक्क्याने कमी करू का? की काही कॅम्पेन बंद करून पैसे दुसरीकडे वळवू?

उत्तर:

सरसकट कपात करू नका. याच मुद्द्यावरून माझं आमच्या अकाउंट हेडशी ऑक्टोबर 2025 मध्ये कडाक्याचं भांडण झालं होतं, आणि ते अजून पुरतं मिटलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

क्लायंट पुण्याचा, सोफा आणि गाद्या ऑनलाइन विकणारा. महिन्याचं बजेट साडेसात लाख. 14 तारखेच्या रात्रीपर्यंत 3 लाख 90 हजार गेले होते. पंधराच्या सकाळी मीटिंगमध्ये साहेबांनी शीट उघडलं, 3,90,000 ला 14 ने भागलं, 31 ने गुणलं, आणि 8 लाख 63 हजार हा आकडा पडद्यावर ठेवला. म्हणजे 1 लाख 13 हजारांचं ओव्हरस्पेंड. उरलेले 3 लाख 60 हजार 17 दिवसांत वाटले की रोजचे 21 हजार होतात, तेव्हा सगळ्या कॅम्पेनना 24 टक्के कात्री लावा, असा हुकूम.

भागाकारात चूक काहीच नव्हती. पण 18 ला धनत्रयोदशी होती, 21 ला लक्ष्मीपूजन, 22 ला पाडवा. सोफ्याचं गिऱ्हाईक पाडव्याआधी घेतं आणि भाऊबीज झाली की गायब होतं. या हिशोबात पाडव्याचा दिवस आणि 29 तारखेचा बुधवार दोघांना सारखेच 21 हजार मिळत होते. मला तिथेच राग आला.

तारखेने भागाकार करणारा माणूस गृहीत धरतो की महिन्याचे सगळे दिवस सारखे. ते खरं असेल तर ती पद्धत चालते. नसेल तर मागच्या वर्षीच्या विक्रीवरून दिवसांना वजन द्यायचं. आणि सणाच्या महिन्यात मागचं वर्ष तारखेने जुळवायचं नाही, तिथीने जुळवायचं. 2024 चा पाडवा 2 नोव्हेंबरला होता, 2025 चा 22 ऑक्टोबरला. फरक 11 दिवसांचा. म्हणून 2025 चा अख्खा ऑक्टोबर मी 12 ऑक्टोबर ते 11 नोव्हेंबर 2024 शी लावला. (तारखेने लावला असता तर दिवाळीचा जोर 29 ते 31 ला दिसला असता आणि आम्ही पैसे राखून ठेवून बसलो असतो.) जुन्या ऑर्डर अशा पडल्या होत्या: पहिल्या 14 दिवसांत 48 टक्के, पाडव्यापर्यंतच्या पुढच्या 8 दिवसांत 40 टक्के, उरलेल्या 9 दिवसांत जेमतेम 12 टक्के.

म्हणजे 14 तारखेपर्यंत 3 लाख 60 हजार जायलाच हवे होते. आम्ही पुढे होतो ते 30 हजारांनी. आता उरलेले 3 लाख 60 हजार 40 आणि 12 च्या प्रमाणात वाटायचे. शीटमध्ये B1 ला बजेट, B2 ला झालेला खर्च, B3 आणि B4 ला ती दोन वजनं, 8 म्हणजे पाडव्यापर्यंतचे दिवस:

```
=ROUND((B1-B2)*B3/(B3+B4)/8,0)
```

उत्तर येतं 34,615. तोवर आमचा रोजचा खर्च 28 हजारांच्या आसपास होता. म्हणजे ओव्हरस्पेंड दिसत असताना पुढचे आठ दिवस खर्च वाढवायचा होता आणि 23 पासून रोज सव्वानऊ हजारांवर आणायचा होता. साहेबांना हे उलटं वाटलं. क्लायंटला मात्र लगेच पटलं, कारण दुकानदाराला दिवाळी कधी संपते ते माहीत असतं.

आता पैसे कुठून कुठे वळवायचे, हा तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. माझ्या मते खरं काम इथेच आहे, आणि बहुतेक एजन्सी इथेच कच्च्या असतात.

त्या दिवशी रोजचा खर्च असा होता: ब्रँड सर्च अडीच हजार, जेनेरिक सर्च 8 हजार, शॉपिंग साडेसहा हजार, मेटावरची नव्या गिऱ्हाइकांची कॅम्पेन 11 हजार. एका ऑर्डरमागे क्लायंटला 1,800 रुपयांपर्यंत परवडत होतं. मेटावर रोज 9 ऑर्डर येत होत्या, म्हणजे ऑर्डरमागे साधारण 1,220. जेनेरिक सर्चवर 5 ऑर्डर, म्हणजे 1,600. साहेबांचं म्हणणं, मेटा सगळ्यात स्वस्त, तिला हात लावू नका, कापायचंच असेल तर सर्च कापा.

सरासरीने असंच दिसतं. पण ही मेटा कॅम्पेन दसऱ्यासाठी 8 हजारांवरून 11 हजारांवर नेलेली होती आणि दसरा होऊन गेल्यावर खाली आणलीच गेली नव्हती. ते 30 हजार बरेचसे इथेच गेले होते. सप्टेंबरचे शेवटचे दोन आठवडे ती 8 हजारांवर चालत होती तेव्हा रोज सरासरी 8 ऑर्डर येत होत्या. वरच्या 3 हजारांनी रोज एक ऑर्डर वाढली. ती नववी ऑर्डर 3 हजारांना पडली, आणि पहिल्या आठ ऑर्डर प्रत्येकी हजाराला पडल्यामुळे सरासरीत ती दिसतच नव्हती. शिवाय ऑक्टोबरमध्ये एकूण मागणी वाढलेली असताना ही अवस्था.

जेनेरिक सर्चचं उलट होतं. इम्प्रेशन शेअर, म्हणजे जाहिरात दिसू शकली असती त्यातल्या जितक्या वेळा खरंच दिसली तो वाटा, 45 टक्के, `Search lost IS (budget)` 38 टक्के, रँकमुळे गेलेले 17 टक्के. म्हणजे ‘सोफा कम बेड’ शोधणारी माणसं होती, आमची बोली आणि जाहिरात चालत होती, पण दिवसाचे पैसे संपत होते. बजेटमुळे हुकलेलं सगळं मिळवायचं तर 45 अधिक 38 असा 83 टक्के वाटा हवा, त्याला 8 हजार गुणिले 83 भागिले 45, म्हणजे साधारण पावणेपंधरा हजार लागतात. आणि बोलीला हात न लावता फक्त बजेटची अडचण काढली तर पुढचे क्लिक साधारण जुन्याच भावात मिळतात. सर्चची पुढची ऑर्डर 1,600 च्या आसपास, मेटाची 3,000. पैसे कुठे न्यायचे ते उघड आहे. कॅम्पेनची सरासरी नका विचारू, शेवटच्या हजार रुपयांनी काय आणलं ते विचारा.

मीटिंगमध्ये आणखी एक आक्षेप आला: गेल्या पाच दिवसांत सर्चच्या ऑर्डर घसरल्यात. घसरल्या नव्हत्या. गूगल अ‍ॅड्समधला नेहमीचा `Conversions` रकाना ऑर्डर ज्या दिवशी क्लिक झाला त्या दिवसावर टाकतो. सोफा घेणारं कुटुंब आज क्लिक करतं, घरात चर्चा होते, चार दिवसांनी पैसे भरतं. त्यामुळे ताजे दिवस नेहमीच रिकामे दिसतात आणि नंतर भरत जातात. `Days to conversion` हा सेगमेंट लावून पाहिलं तर निम्म्या ऑर्डर क्लिकनंतर तीन दिवसांपेक्षा उशिरा येत होत्या. महिन्याच्या मध्यावर निर्णय घेताना हे ताजे दिवस बाजूला ठेवून त्याआधीचे दिवस धरायचे. नाहीतर गिऱ्हाइकाला विचार करायला वेळ लागतो अशी प्रत्येक कॅम्पेन दर महिन्याला 15 तारखेला मार खाते.

शेवटी क्लायंटच्या मालकांनी माझ्या बाजूने कौल दिला. मेटा 11 वरून 8 हजार, जेनेरिक सर्च 8 वरून 14 हजार, शॉपिंग साडेनऊ, ब्रँड 3. एकूण साडेचौतीस.

एक गोष्ट जपा. गूगलमध्ये महिन्याच्या मधे डेली बजेट बदललं की उरलेल्या महिन्याची कमाल मर्यादा नवं बजेट गुणिले उरलेले दिवस अशी धरली जाते, आणि एखाद्या दिवशी ते दुप्पटही खर्च करू शकतं. 14 हजार टाकले म्हणजे माझ्या मनात आठ दिवस असले तरी गूगल 17 दिवसांचे 2 लाख 38 हजार धरून चालतं. म्हणून त्याच बैठकीत 23 तारखेला बजेट खाली आणणारा ऑटोमेटेड रूल लावून टाकला. धनत्रयोदशीला सर्चने एका दिवसात 21 हजार खाल्ले तेव्हा ऑफिसमध्ये घबराट झाली, पण पुढचे दोन दिवस ती आपोआप कमी गेली. अशा वेळी रोज बजेट हलवत बसू नका. मेटावर तर मोठे बदल वारंवार केले की लर्निंग फेज पुन्हा सुरू होऊ शकते आणि चार दिवस आकड्यांचा भरवसा राहत नाही.

मेटाच्या ऑर्डर 8 वर थांबल्या, एकच कमी झाली. सर्चच्या 5 च्या 8-9 झाल्या, ऑर्डरमागे 1,650 च्या आसपास. महिना 7 लाख 44 हजारांवर बंद झाला. साहेब अजून म्हणतात, दिवाळी होती, काहीही केलं असतं तरी विकलं गेलं असतं. माझं उत्तर तेव्हाही हेच होतं: 21 हजारांच्या हिशोबाने पाडव्यापर्यंतच्या आठ दिवसांना 1 लाख 70 हजार मिळाले असते, आम्ही 2 लाख 76 हजार दिले. वरचे लाखभर भाऊबीजेनंतरच्या रिकाम्या आठवड्यात जाळले असते, तर तिथे कोणी सोफा घेतला असता ते दाखवा. अजून दाखवलेलं नाही.

आता तुमच्या बाबतीत काही गोष्टी आधी तपासा. तुमचा धंदा महिनाभर सारखा चालत असेल, क्लिनिक किंवा सॉफ्टवेअरच्या लीड असतील, तर साधा भागाकार पुरतो, फक्त शनिवार-रविवार वेगळे धरा. रोज दोन-चारच ऑर्डर येत असतील तर ‘शेवटच्या हजाराचं’ गणित चार दिवसांवर करू नका, बजेट बदलण्याआधीचे आणि नंतरचे दहा-बारा दिवस तरी घ्या. कॅम्पेन टार्गेट सीपीएवर, म्हणजे एका ऑर्डरमागे ठरवून दिलेल्या खर्चावर, चालत असेल आणि डेली बजेटही पुरतं खर्च होत नसेल, तर तिथे बजेट वाढवून काही हलणार नाही. तिला अडवतंय ते टार्गेट, त्यामुळे पैसे तिथे पाठवण्याआधी ते सैल करावं लागेल. आणि क्लायंटचा आकडा जीएसटी धरून आहे की सोडून, ते आज लेखी विचारून घ्या. अ‍ॅड अकाउंटमधला खर्च कर सोडून दिसतो. साडेसात लाख करासकट असतील तर हातात 6 लाख 35 हजारच आहेत, आणि मग वरचं सगळं गणित 15 तारखेलाच बदलतं.