बँकेला पहिला फोन किती वाजता केलात?

प्रश्न : माझं फेसबुक खातं लॉक झालं म्हणून मोबाइलवर शोधून कस्टमर केअरला फोन केला. त्या माणसाने एक ॲप घ्यायला लावलं, दहा रुपये भरायला सांगितले आणि शुक्रवारी रात्री ८.१२ ला ४९,०००, ८.१९ ला ३८,५०० गेले. ८.४१ ला मी बँकेला फोन केला, त्यांनी सोमवारी शाखेत या म्हटलं. शनिवारी सकाळी आणखी २१,००० गेले. आता बँक म्हणते, ओटीपी तुम्हीच दिला, एक पैसाही मिळणार नाही. काय करू?

उत्तर : या महिन्यात अशी बरीच पत्रं आली आहेत आणि जवळपास सगळ्यांनी फसवणूक कशी झाली ते दोन-दोन पानं लिहिलंय. बँकेला कधी कळवलं, ते मात्र एका ओळीत. तुम्ही निदान वेळ तरी लिहिलीत, आणि तुमचं प्रकरण त्या वेळेवरच उभं राहील.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात नियम स्पष्ट आहे. ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पिन दिल्यामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे पहिल्या दोन व्यवहारांचे ८७,५०० बँकेकडून मिळण्याची आशा फारशी धरू नका. पण शनिवारचे २१,००० तुम्ही ८.४१ ला कळवल्यानंतर गेले आहेत. ‘सोमवारी या’ हे उत्तर बँकेला देताच येत नाही. तक्रार चोवीस तास घेण्याची सोय ठेवणं, लगेच तक्रार क्रमांक देणं आणि पुढचे व्यवहार रोखणं हे तिच्यावर बंधनकारक आहे.

आता एक अप्रिय प्रश्न. ८.४१ चा तो नंबर कुठून घेतला होता? पुन्हा सर्चमधूनच शोधला असेल, तर तोही बनावट असू शकतो. नकाशावरच्या नोंदीत कुणीही बदल सुचवू शकतो, वर ‘प्रायोजित’ लिहिलेली जाहिरात पैसे भरून कुणीही लावतो. कॉल लॉगमधला नंबर कार्डामागच्या किंवा पासबुकावरच्या नंबराशी ताडून पाहा. जुळला नाही तर तुम्ही बँकेला कळवलंच नव्हतं असं होतं, आणि मग २१,००० चाही दावा जवळपास संपतो.

जुळला, तर आजच शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मजकूर साधा ठेवा : अमुक तारखेला रात्री ८.४१ वाजता, अमुक क्रमांकावरून, बँकेच्या अमुक क्रमांकावर मी व्यवहार कळवला; त्या कॉलचं रेकॉर्डिंग आणि नोंद जपून ठेवावी; त्यानंतरचे २१,००० जमा करावेत. ‘जपून ठेवावी’ हे शब्द वगळू नका, रेकॉर्डिंग कायम ठेवलं जात नाही. सिमकार्ड कंपनीकडून त्या दिवसाचा कॉल तपशील घ्या. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे, आणि कळवल्यापासून दहा कामकाजी दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची असते. बँक एवढंच म्हणेल की यूपीआय पिन तुम्हीच टाकला, म्हणजे व्यवहार अनधिकृत नाहीच. शनिवारचा पिन कुणी टाकला, हे तुमच्या पत्रात नाही. ॲपमधून पडदा त्यांच्या हाती असताना व्यवहार झाला असेल तर तुमची बाजू बळकट. तुम्हीच टाकला असेल तर सांगता येत नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जा.

सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर तुम्ही केव्हा फोन केलात, हे पत्रात कुठेच नाही. केलाच नसेल तर वाचन थांबवा आणि आधी तो करा. ८७,५०० परत मिळण्याची वाट असलीच तर तीच : पुढच्या खात्यात पैसे शिल्लक असतील तर ते गोठवता येतात, पण ते तासाभरात तीन-चार खात्यांतून फिरून एटीएममधून निघतात. काही गोठलं असेल, तर सोडवायला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागू शकतो. त्याला किती तारखा पडतील ते मी सांगणार नाही. पोलिसांचा अहवालच महिनोन्‌महिने येत नाही.

एफआयआरमध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ड आणि भारतीय न्याय संहितेचं ३१८(४) यावं, हे पाहा. सर्च कंपनीवर दावा करायचा विचार सध्या सोडा. अशा मध्यस्थाला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ चं संरक्षण असतं आणि २१,००० साठी ते भांडण परवडत नाही. तरी त्या निकालाचा पत्त्यासह स्क्रीनशॉट ठेवा, तपासाला लागेल.

ते ॲप फोनमध्ये अजून असेल तर नेट बंद करा, त्याच्या नावाचा स्क्रीनशॉट घ्या, मग काढा. पिन आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. फेसबुकचं लॉक लॉग-इन करताना दिसणाऱ्या सूचनांप्रमाणे सुटतं, आणि खातं हॅक झालं असेल तर facebook.com/hacked वर जा. त्यासाठी फोनवर बोलणारा माणूस त्यांच्याकडे नसतो.