पळत्या सायकलवाल्याचा फोटो कट करताना कडा नकली का दिसतात

प्रश्न: फास्ट सायकलवाल्याचा किंवा उडत्या पक्ष्याचा फोटो कट करून दुसऱ्या बॅकग्राउंडवर टाकला की चिकटवल्यासारखा दिसतो, कडा ब्लर आहेत म्हणून फेदर दिला तरी नकलीच वाटतं. फोटोशॉपमधे नेमकं काय करायचं?

उत्तर: आधी तो फेदर काढा, अर्धी गडबड तिथेच आहे. फेदर कड चारी बाजूंनी सारखी मऊ करतो आणि पळणारी सायकल अशी चारी बाजूंनी मऊ होत नाही. ती ज्या दिशेनं जातेय त्या दिशेला पुढच्या-मागच्या कडा पसरतात, म्हणजे छाती, पाठ, हँडलचं टोक, आणि दिशेला समांतर असलेल्या कडा, म्हणजे हेल्मेटचा माथा किंवा फ्रेमचा आडवा दांडा, बऱ्यापैकी रेखीव राहतात. माथासुद्धा धुरकट झाला की बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही पण खटकतं.

उरलेली अर्धी गडबड रंगाची. शटर उघडं असताना कडेच्या पिक्सेलवर थोडा वेळ शर्ट होता आणि थोडा वेळ मागचं आकाश, त्यामुळे तिथे दोघांचा मिसळलेला रंग बसलाय. तुम्ही कितीही छान मास्क करा, जुनं आकाश बरोबर येणारच.

माझंच एक काम सांगतो. आमच्या इंदूरला मंडळाच्या गणपतीच्या बॅनरसाठी भाच्याला सायकलवर राजवाड्यासमोरून जाताना दाखवायचं होतं. तिथल्या गर्दीत सायकल जोरात पळवणं शक्यच नाही, म्हणून फोटो काढला सकाळी सुपर कॉरिडॉरच्या मोकळ्या रस्त्यावर, कॅमेरा ट्रायपॉडवर स्थिर, शटर १/१२५, मागे फिकट पांढरं आकाश. आणि नवीन बॅकग्राउंड म्हणजे राजवाड्याचे वरचे गडद लाकडी मजले, म्हणजे अगदी उलटं, त्यामुळे पहिल्या प्रयत्नात पाठीमागे पांढरी किनार लखलखत होती.

मग नीट केलं ते असं. पहिले ब्लर किती आहे ते मोजलं. हेल्मेटवर चमकणारा एक ठिपका होता, त्याची जी रेघ झाली होती ती रूलर टूलनं मोजली, साधारण ६० पिक्सेल, अगदी आडवी. खात्री करायची तर हिशोब सोपा आहे, भाचा ताशी २७ किलोमीटरनं चालला होता म्हणजे सेकंदाला साडेसात मीटर, १/१२५ मधे ६ सेंटीमीटर. चाक टायरसकट सुमारे ६८ सेंटीमीटरचं असतं आणि फोटोत ते ६८० पिक्सेल उंच होतं, म्हणजे सेंटीमीटरला १० पिक्सेल, म्हणून ६०. जुळलं.

आता पेन टूलनं माणूस आणि फ्रेम कडक कापली, फेदर शून्य. रेघ कुठून न्यायची हे महत्त्वाचं: पसरलेल्या पट्ट्याच्या बरोबर मधून. कारण ब्लर रेषेच्या दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा, म्हणजे ३०-३० पिक्सेल पसरतो. मी आधी जिथे शर्ट ठोस दिसतो तिथून, आतून कापलं होतं आणि भाचा बारीक झाला होता. मग त्या पाथचा मास्क केला आणि लेयरवर नाही, मास्कवर `Filter > Blur > Motion Blur` दिलं, `Angle` 0, `Distance` 60. माथा आपोआप रेखीव राहिला, पाठ आपोआप पसरली. सीटखालचा बारीक दांडा ३ सेंटीमीटरचा, तो अर्धाच अपारदर्शक झाला, आणि तसाच व्हायला हवा, ६ सेंटीमीटर सरकणाऱ्या ३ सेंटीमीटरच्या वस्तूमागचं दिसतंच. पायांना मात्र एकच आकडा चालत नाही, वरचा पाय सायकलपेक्षा जोरात पुढे जातो आणि खालचा सायकलच्या मानानं मागे येत असतो, म्हणून मी वरच्याला थोडा जास्त, खालच्याला थोडा कमी दिला.

आता रंग, आणि बहुतेक लोक इथेच थांबतात म्हणून फोटो फसतो. मास्क आता कड विरवतोय, पण खालच्या फोटोत ती आधीच आकाशात विरलेली आहे, म्हणजे दोनदा विरते. म्हणून मास्कखालचा शर्ट पट्ट्याच्या बाहेरच्या टोकापर्यंत पूर्ण ठोस रंगाचा पाहिजे. मी वर एक नवीन लेयर क्लिप केला आणि क्लोन स्टँपनं आतला शर्ट, आतली कातडी आडव्या दिशेनं बाहेर ओढत नेली, मास्क बंद ठेवून. तेव्हा माणूस फुगलेला दिसतो, घाबरू नका, मास्क चालू केला की बरोबर बसतो. `Select and Mask` मधलं `Decontaminate Colors` हेच काम करायला बघतं, छोट्या ब्लरला चालून जातं पण ६० पिक्सेलच्या पट्ट्यात मला तरी हातानंच बरं आलं.

चाकाची गंमत वेगळी आहे आणि मला हा भाग फार आवडतो. घरंगळणाऱ्या चाकाचा जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो आणि माथा सायकलच्या दुप्पट वेगानं जातो. म्हणजे टायर खाली रेखीव, मधल्या आसाला ६० आणि वर १२० पिक्सेल. सगळ्या चाकाला सारखा मोशन ब्लर दिला की चाक रस्त्यावर घसरल्यासारखं दिसतं. म्हणून टायर-रिमचं पांढरं कडं वेगळ्या काळ्या लेयरवर काढलं, `Spin Blur` चं केंद्र आसावर न ठेवता टायर जमिनीला टेकतो तिथे ठेवलं, गोल इतका मोठा केला की अख्खं चाक आत येईल, कोन १० अंशांच्या आसपास डोळ्यानं जुळवला, आणि ते चित्र मास्कमधे पेस्ट केलं. आऱ्या कापायच्या नादाला लागलो नाही. चाकाच्या आतला भाग वेगळ्या लेयरवर घेऊन `Levels` नं आकाश पूर्ण पांढरं केलं आणि लेयर `Multiply` वर टाकला, पांढरं गायब झालं, काळ्या आऱ्या राहिल्या. हे फक्त फिकट आकाशासमोर काढलेल्या फोटोतच जमतं हं, मागे झाडं असती तर आऱ्या नवीन काढाव्या लागल्या असत्या.

सावलीही पळतेय, तिलाही तेवढाच ब्लर द्या, फक्त टायरखालची जागा घट्ट ठेवा. आणि कट बरोबर झालाय का ते बॅकग्राउंडवर बघू नका, खाली एकदा काळा, एकदा पांढरा भरून २०० टक्क्यांवर बघा. काळ्यावर फिकट किनार दिसली तर रंग ओढायचा राहिलाय, आणि सगळीकडे सारखा धूर दिसला तर कुठेतरी फेदर राहून गेलाय.

पक्ष्याला हेच, फक्त पंख खांद्याभोवती फिरतो म्हणून टोकाला ब्लर जास्त आणि अंगाजवळ अंगाइतकाच, पंखाच्या `Spin Blur` चं केंद्र खांद्यावर ठेवा.

तुमचा फोटो कॅमेरा सायकलबरोबर फिरवत काढलेला असेल तर मात्र स्थिर इमारतीसमोर तो कधीच खरा दिसणार नाही, तिथे नवीन बॅकग्राउंडलाच आडवा मोशन ब्लर द्यावा लागतो. आणि फोटो अजून काढायचाच असेल तर सायकल गेल्यावर ट्रायपॉड न हलवता रिकाम्या रस्त्याची एक फ्रेम त्याच सेटिंगवर घ्या. ती फोटोवर `Difference` मोडमधे ठेवली की जे बदललं नाही ते जवळजवळ काळं होतं आणि पट्टा कुठे सुरू होऊन कुठे संपतो ते दिसतं, पेनची रेघ अंदाजानं ओढावी लागत नाही.