अमोनिया आत घेणारं एन्झाइम: जीडीएच की ग्लुटामाइन सिंथेटेज?

प्रश्न: नायट्रोजिनेजने हवेतल्या नत्रापासून बनवलेला अमोनिया जीडीएच, म्हणजे ग्लुटामेट डिहायड्रोजिनेज, सरळ ग्लुटामेटमध्ये घेतं असं नोट्समध्ये आहे, पुस्तकात मात्र आधी ग्लुटामाइन सिंथेटेज दाखवलंय. एटीपी जाळणारा रस्ता पेशी का निवडेल?

उत्तर:

त्या नोट्स बाजूला ठेवा. आमच्याकडेही एक सर होते, जीडीएचचे कट्टर. "एका पायरीत काम होतंय, मग एटीपी कशाला?" हा त्यांचा ठरलेला सवाल. सेमिनारमध्ये सगळ्यांसमोर मला त्यांनी त्यावरच खाली बसवलं होतं.

मग मी अ‍ॅनाबिनाचं कल्चर घेतलं. हा हवेतलं नत्र स्थिर करणारा सायनोबॅक्टेरिया, आणि त्याला नत्र फक्त हवेतलंच ठेवलं. एका फ्लास्कमध्ये मेथिओनिन सल्फॉक्सिमीन घातलं, दुसरा तसाच ठेवला. हे रसायन ग्लुटामाइन सिंथेटेज कायमचं बंद पाडतं. काही तासांनी पेशी गाळल्या आणि उरलेल्या माध्यमावर इंडोफिनॉलची चाचणी केली, जी अमोनिया असला की निळी होते. साध्या फ्लास्कचं पाणी जवळपास बिनरंगी, सल्फॉक्सिमीनवालं गडद निळं. म्हणजे अमोनिया बनत होता आणि बाहेर सांडत होता. जीडीएच खरंच मुख्य रस्ता असता, तर त्याने तो उचलायला हवा होता की नाही?

सर म्हणाले, "पेशी मेल्या असतील, मेल्यावर झिरपणारच." म्हणून त्याच पेशींना अ‍ॅसिटिलीन दिलं. नायट्रोजिनेज त्याचं इथिलीन करतं, आणि गॅस क्रोमॅटोग्राफवर इथिलीनचा पीक व्यवस्थित येत होता. मेलेली पेशी त्यासाठी एटीपी आणि इलेक्ट्रॉन कुठून आणणार? यावर सरांना अचानक मीटिंग आठवली.

आता तुमचा एटीपी. नत्राच्या एका रेणूमागे नायट्रोजिनेज किमान 16 एटीपी खर्च करतं, म्हणजे एका अमोनियामागे आठ. इतकं मोजून मिळवलेला अमोनिया नववा एटीपी वाचवण्यासाठी निसटू द्यायचा? जीडीएचला नीट चालायला साधारण मिलिमोलरच्या घरात अमोनिया लागतो, आणि तेवढा आत साठला तर तो बाहेर गळायला लागतो. सिंथेटेज आधी एटीपीचा फॉस्फेट ग्लुटामेटवर बसवतं. त्यामुळे तो रेणू इतका तयार असतो की अमोनिया फारच कमी असला तरी पकडला जातो. पुढे ग्लुटामाइनचा अमाइड नत्र ग्लुटामेट सिंथेज 2-ऑक्सोग्लुटारेटवर चढवतं आणि दोन ग्लुटामेट मिळतात. एक परत सिंथेटेजकडे जातो, दुसरा निव्वळ कमाई. हे दुसरं एन्झाइम जीवाणूंमध्ये 1970 साली सापडलं. त्याआधीच्या नोट्समध्ये जीडीएच असणं मी समजू शकतो, आजच्या नोट्समध्ये नाही.

हां, जीडीएच अगदीच निकामी नाही. माध्यमात अमोनियम भरपूर असलं की ई. कोलाय ते वापरतो, आणि तिथे एटीपी वाचवण्याचा सरांचा मुद्दा बरोबर ठरतो. पण नत्र स्थिर करणाऱ्या पेशीत ती चैन नसते. शिवाय शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठींबद्दल लिहीत असाल तर सिंथेटेज कुणाचं ते स्पष्ट लिहा. तिथे जीवाणू अमोनिया बाहेर देतो आणि वनस्पतीच्या पेशीतलं सिंथेटेज तो घेतं. गुण तिथेच कापले जातात.